नव्या शेजाऱ्याला किंवा सहकाऱ्याला पहिल्यांदाच वाढदिवसाच्या शुभेच्छा देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समोरच्या फ्लॅटमध्ये नुकतंच कुणी राहायला आलेलं असतं किंवा शेजारच्या टेबलावर नवीन माणूस रुजू झालेला असतो. नाव, आडनाव, गाव एवढीच ओळख झालेली असते आणि मध्येच त्यांचा वाढदिवस येतो. गप्प बसलो तर तुटक वाटेल, फार केलं तर आगाऊपणा वाटेल. या पेचाबद्दल लोक जे विचारतात, त्यातल्या नेहमीच्या प्रश्नांची ही उत्तरं.

ओळख आत्ताच झाली आहे. शुभेच्छा द्याव्यात का?

हो, जरूर द्याव्यात. नव्या जागी आलेल्या माणसाचा तिथला पहिला वाढदिवस बऱ्याचदा सुना जातो. जुने मित्र फोन करतात, घरचे लांबून बोलतात, पण दिवसभर आजूबाजूला असणाऱ्यांपैकी कुणालाच माहीत नसतं. अशा वेळी जिन्यात किंवा डबा खाताना कुणी एक वाक्य बोललं तरी ते लक्षात राहतं.

फक्त तारीख तुम्हाला कशी कळली, हे आधी बघा. त्यांनी स्वतः बोलता बोलता सांगितली असेल, ऑफिसच्या फलकावर लागली असेल किंवा ग्रुपवर कुणीतरी लिहिलं असेल, तर बिनधास्त शुभेच्छा द्या. पण तुम्ही सोसायटीच्या कमिटीवर आहात आणि भाडेकराराच्या किंवा पोलीस पडताळणीच्या कागदांत जन्मतारीख वाचली, असं असेल तर ती तारीख तुमच्याजवळच राहू द्या. ते कागद त्यांनी एका कामासाठी दिलेले असतात. सकाळी सकाळी दारात "आज वाढदिवस ना तुमचा?" असं ऐकल्यावर त्यांच्या मनात पहिला प्रश्न येईल तो, "यांना कसं कळलं?" मग शुभेच्छा बाजूला राहतात.

ऑफिसच्या यादीत तारीख दिसली, ती खरीच असेल ना?

बहुतेक वेळा असते. पण यादीत 1 जून दिसला तर जरा थांबा. आपल्याकडे आधीच्या पिढीतल्या कितीतरी लोकांची कागदोपत्री जन्मतारीख 1 जून आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या, नाव घालताना मूल वयात बसावं म्हणून गुरुजी 1 जून लिहून टाकायचे आणि घरच्यांनाही नेमकी तारीख ठाऊक नसायची. तीच तारीख पुढे दाखल्यावर, आधारवर आणि नोकरीच्या कागदांवर आली. अशा माणसाला 1 जूनला थाटात शुभेच्छा दिल्या तर तो हसून "धन्यवाद" म्हणतो आणि मनात म्हणतो, माझा वाढदिवस तर पोळ्याच्या आसपास असतो.

म्हणून 1 जूनवाल्यांना प्रश्नाच्या सुरात शुभेच्छा द्याव्यात: "यादीत आज तुमचा वाढदिवस दिसतोय. खरा आजच का? असेल तर मनापासून शुभेच्छा!" एवढ्यावर बहुतेक जण खुलतात आणि शाळेत नाव घातल्याचा किस्सा सांगतात. ओळख वाढायला तो किस्सा शुभेच्छांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

तिथीने वाढदिवस करणारी घरंही आहेत. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं असल्यामुळे तिथी दर वर्षी अकराएक दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. त्यामुळे एखाद्या काकांच्या घरी यंदा तारखेच्या आधीच औक्षण होऊन गेलेलं असू शकतं. "आमच्याकडे तिथीने करतात" असं कळलं तर "मग तुम्हाला दोनदा शुभेच्छा" म्हणावं आणि पुढे चालू लागावं.

हाक काय मारायची? तू, तुम्ही की आपण?

खरी अडचण इथेच असते. शुभेच्छांचे शब्द ठरलेले आहेत, पण हाक चुकली की सगळं बिघडतं.

साधा नियम असा की वाढदिवसाच्या दिवशी हाक बदलू नका. कालपर्यंत "तुम्ही" म्हणत असाल तर आजही "तुम्ही"च. मेसेजमध्ये अचानक "तुला खूप खूप शुभेच्छा" आलं की वाचणारा चमकतो. सलगी वाढवायची असेल तर ती रोजच्या बोलण्यातून वाढू द्या, आणि "अरे, मला तू म्हण" हे वाक्य समोरून येऊ द्या. याच्या उलट, तुमच्याच वयाच्या, पहिल्या दिवसापासून अरेतुरे करणाऱ्या सहकाऱ्याला "आपणास" लिहिलं तर तो म्हणेल, माझं काही चुकलं का?

"आपणास" आणि "आपल्या वाढदिवसानिमित्त" ही चौकातल्या फ्लेक्सची भाषा झाली आहे. फ्लेक्सवर ती शोभते. समोरच्या दारात राहणाऱ्याला तसं लिहिलं की मायेऐवजी औपचारिकपणाच जास्त दिसतो. "तुम्हाला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा" यात आदर पुरेसा आहे.

नात्याच्या हाकांचं तर जपूनच बघा. ऑफिसात सर, मॅडम किंवा तिथे ज्या पद्धतीने पहिल्या नावाने बोलतात ते. शेजारी आडनावाला काका-काकू जोडायची आपली सवय चांगली आहे, पण समोरची बाई चाळिशीची आणि तुम्ही तिशीचे असाल, तर वाढदिवसाच्याच दिवशी "काकू" म्हणणं तिला झोंबेल. अशा वेळी "ताई" बरं पडतं. "वहिनी" ही हाक मुळात तिच्या नवऱ्याच्या ओळखीतून येते. त्यांची आणि तुमची ओळख असेल तर ठीक, पण ती एकटी राहत असेल किंवा तुमची ओळख थेट तिच्याशीच असेल, तर वहिनी म्हणू नये. नुसतं "नमस्कार" म्हणून सुरुवात केली तरी काही कमी होत नाही.

मेसेजमध्ये नेमकं काय लिहू?

एक उदाहरण घेऊ. समजा, तुमच्या मजल्यावर जोशी आडनावाचे एक गृहस्थ राहायला आलेत. वय पन्नाशीच्या आसपास, बदली होऊन नाशिकहून आलेत. सामान चढवताना तुमची ओळख झाली, नंतर पाण्याच्या वेळा विचारायला ते एकदा दारात आले. बाल्कनीत त्यांनी कुंड्या मांडल्यात, त्या येता-जाता दिसतात. आज त्यांचा वाढदिवस आहे, हे त्यांच्याच मुलाने लिफ्टमध्ये सांगितलं.

पहिला मसुदा लोक बहुतेक असा करतात: "आदरणीय जोशी साहेब, आपणास उदंड आयुष्य लाभो, आपल्या सर्व मनोकामना पूर्ण होवोत, आई जगदंबा आपणास यश, कीर्ती, समृद्धी देवो." यात वाईट काही नाही, पण हे जोशींना जसं चालतं तसं कुणालाही चालतं. आलेला मेसेज पुढे ढकललाय, हे लगेच कळतं.

दुसरा मसुदा उत्साहाच्या भरात होतो: "जोशी काका, तुम्ही आल्यापासून मजल्याला शोभा आली! तुमच्यासारखा शेजारी मिळायला भाग्य लागतं. आता पार्टी पाहिजेच!" दोनदा भेटलेल्या माणसाला हे जड जातं. भाग्य वगैरे म्हणण्याइतकं अजून काही घडलेलं नाही आणि पार्टी मागायला तर बरीच जुनी ओळख लागते.

तिसरा असा: "नमस्कार जोशी सर, मी समोरच्या फ्लॅटमधून. तुमच्या मुलाकडून कळलं आज तुमचा वाढदिवस आहे. मनःपूर्वक शुभेच्छा! बाल्कनीतल्या कुंड्यांमुळे जिन्यातून येताना छान वाटतं. नव्या घरातलं हे वर्ष आनंदाचं जावो."

हा का चालतो ते सांगतो. तुम्ही कोण, हे पहिल्याच वाक्यात आलं. त्यांच्याकडे तुमचा नंबर नावाने जतन नसणार, तेव्हा अनोळखी नंबरवरून शुभेच्छा कोणाच्या म्हणून त्यांना प्रोफाइलचा फोटो मोठा करून बघत बसावं लागत नाही. तारीख कशी कळली हे सांगून टाकलं. कुंड्या सगळ्यांना दिसणाऱ्या आहेत, म्हणजे तुम्ही त्यांच्या घरात डोकावलेलं नाही. सदिच्छा नव्या घराशी जोडलेली आहे, त्यामुळे ती फक्त त्यांचीच आहे. आणि कुठेही प्रश्न नाही, मागणी नाही. "धन्यवाद" म्हटलं की झालं.

सहकाऱ्यासाठीही हीच बांधणी वापरा. तिथे कुंड्यांच्या जागी कामातली एखादी छोटी गोष्ट येईल: "परवा तुम्ही ती फाइल शोधून दिलीत, त्याने माझं काम खूप सोपं झालं." खरी असेल तरच लिहा. तसं काही सांगण्यासारखं नसेल तर नाव घालून दोन ओळी पुरेत.

दिसण्याबद्दल चांगलं बोललं तर?

पहिल्या शुभेच्छांत नको. "आज छान दिसताय" हे ओळखीच्या माणसाकडून गोड वाटतं, नव्या माणसाकडून अवघड वाटू शकतं. विशेषतः पुरुषाने नव्या सहकारी बाईला लिहिताना लाल बदाम, डोळ्यात बदाम असलेले चेहरे, डीपीबद्दलचं मत आणि रात्री उशिराचा मेसेज हे सगळं टाळावं. सगळ्यांसमोर, डबा खाताना किंवा मीटिंग संपल्यावर, प्रसन्नपणे "वाढदिवसाच्या शुभेच्छा" म्हणावं. ऑफिसचा ग्रुप असेल तर तिथे लिहावं. वैयक्तिक मेसेज करण्याइतकं काम किंवा बोलणं आधी झालेलं नसेल, तर शुभेच्छा हे ते सुरू करायचं निमित्त करू नये. तिला त्या मेसेजला उत्तर काय द्यायचं याचा विचार करत बसावं लागणं, हीच तिच्या दिवसातली कटकट ठरते.

प्रत्यक्ष भेटून सांगू की व्हॉट्सअ‍ॅपवर? आणि किती वाजता?

शेजारी असेल तर प्रत्यक्ष भेटणं कधीही चांगलं, पण मुद्दाम बेल वाजवण्यापेक्षा सहज गाठ पडली तर. सकाळी दूध घेताना, पार्किंगमध्ये, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना. बेल वाजवायचीच असेल तर संध्याकाळी सहा ते साडेसातच्या सुमारास वाजवा आणि उंबऱ्याबाहेरच उभं राहून बोला. "आत या ना" असं ते म्हणणारच, आपल्याकडे म्हणतातच. पहिल्या खेपेला "नाही हो, तुमची गडबड असेल, पुन्हा येईन निवांत" म्हणावं. त्यांनी दुसऱ्यांदा आणि दार पूर्ण उघडून आग्रह केला तर पाच मिनिटं बसायला हरकत नाही. दुपारी दोन ते चार बेल वाजवू नका. ती वामकुक्षीची वेळ, आणि घरात लहान मूल असेल तर ते मुश्किलीने झोपलेलं असतं.

रात्री बाराचा मेसेज जवळच्या मित्रांचा. नव्या माणसाने सकाळी आठ-नऊच्या पुढे पाठवावा.

सोसायटीच्या ग्रुपवर मीच पहिल्यांदा टाकू का?

त्यांनी स्वतः तिथे सांगितलं नसेल तर टाकू नका. तुम्ही एक ओळ टाकता, त्यावर सव्वाशे घरांतून फुलांची आणि केकची चित्रं येतात, आणि ज्याला अजून कुणाचे चेहरेही ओळखीचे नाहीत त्याला दिवसभर "धन्यवाद" लिहीत बसावं लागतं. काहींना हे आवडतं, काहींना आपला वाढदिवस जगजाहीर झालेला मुळीच रुचत नाही. कोण कोणत्या स्वभावाचा, हे पहिल्या वर्षी तुम्हाला कळलेलं नसतं. दुसऱ्या कुणी आधीच टाकलं असेल तर तुम्हीही दोन शब्द लिहावेत. आणि मग वेगळा मेसेज करायची गरज उरत नाही.

काही खायला किंवा भेट द्यावी का?

गरज नाही. द्यावंसं वाटलं तर छोटं आणि परतफेडीचं ओझं न आणणारं द्या. पाव किलो पेढे, घरी केलेल्या चिवड्याची पुडी, एखादं फुलझाडाचं रोप. शर्ट, साडी, भांडं, अत्तर या भेटी नात्याच्या आहेत. नव्या ओळखीत त्या दिल्या की समोरचा तुमच्या घरातल्या कुणाचा वाढदिवस कधी आहे याचा हिशोब करू लागतो.

केक नेताना तो अंड्याचा की बिनअंड्याचा, हे विचारून घ्या आणि देताना सांगा. त्या दिवशी संकष्टी, एकादशी किंवा श्रावणी सोमवार आहे का, हे कॅलेंडरवर बघा. उपासाच्या घरी पेढे चालतात, चिवडा त्या दिवशी तसाच पडून राहतो. जैन शेजारी असतील तर कांदा, लसूण आणि बटाटा टाळा. मधुमेहाची शक्यता कुणाच्याही बाबतीत असतेच, म्हणून "तुम्ही गोड खाता ना?" असं चौकशीवजा विचारण्यापेक्षा थोडंसंच द्या आणि "घरात सगळ्यांसाठी" म्हणा.

पदार्थ शक्यतो स्टीलच्या डब्यातून देऊ नका. आपल्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. म्हणजे तुम्ही डबा दिलात की त्यांच्यावर काहीतरी करून भरून पाठवायचं काम आलं, तेही सामान अजून खोक्यांत असताना. कागदी खोका किंवा पुडी बरी. डब्यांची देवाणघेवाण ओळख मुरल्यावर आपोआप सुरू होते.

"शतायुषी व्हा", "अनेक आशीर्वाद" असं म्हटलं तर चालेल?

आशीर्वाद मोठ्यांनी लहानांना द्यायचा. तुम्ही सत्तरीचे आणि सहकारी पंचविशीचा असेल तर "अनेक उत्तम आशीर्वाद" शोभून दिसतं. बरोबरीच्या किंवा मोठ्या माणसाला शुभेच्छाच द्याव्यात. वयाने बऱ्याच मोठ्या शेजाऱ्यांना नमस्कार केला तर ते आशीर्वाद देतातच, आणि मग शुभेच्छा कुणी कुणाला दिल्या हा प्रश्न उरत नाही. "जीवेत शरदः शतम्" म्हणायला हरकत नाही, फक्त समोरचा पंच्याण्णवचा असेल तर शंभराचा आकडा काढू नये.

औक्षण घरच्यांनी करायचं. त्यांच्या घरी चालू असताना तुम्हाला बोलावलं तर जा, अक्षता टाका, पण स्वतः तबक घेऊन पोहोचू नका.

वय विचारलं तर चालतं का?

नाही. "कितवा वाढदिवस?" हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलाला विचारावा. मोठ्यांच्या बाबतीत त्यांनी स्वतः सांगितलं तरच बोलावं. साठी शांत, पंचाहत्तरी किंवा 81व्या वर्षीच्या सुमाराला येणारं सहस्रचंद्रदर्शन असेल, तर घरचे स्वतःहूनच सांगतात, बहुतेकदा आमंत्रणही देतात. तेव्हा आवर्जून जावं.

याच ओघात लग्न, मुलं, नोकरी यांबद्दलच्या सदिच्छाही राहू द्या. "पुढच्या वाढदिवसाला दोनाचे चार झालेले असोत" किंवा "लवकर पाळणा हलो" हे प्रेमाने म्हटलं जातं, पण त्या घरात काय चाललंय हे तुम्हाला ठाऊक नसतं. एखाद्या जोडप्यासाठी ते वाक्य अख्खा दिवस खराब करून जाऊ शकतं. आरोग्य आणि आनंद यांपलीकडे जाऊ नका.

ते वाढदिवस साजरा करत नाहीत असं कळलं तर?

घरात नुकतंच कुणी गेलं असेल, वर्ष चालू असेल, किंवा त्यांच्या धर्मपंथात वाढदिवस करत नसतील. यहोवाचे साक्षीदार करत नाहीत, आणि काही मुस्लीम घरांतही करत नाहीत. "आम्ही नाही करत" असं ऐकलं की "बरं, दिवस छान जावो" म्हणा आणि कारण विचारू नका. घरात दुःख आहे हे आधीच माहीत असेल तर "वाढदिवस" हा शब्दही टाळून नुसती विचारपूस करा.

शेजारी मराठी बोलणारे नसतील तर कोणत्या भाषेत?

ज्या भाषेत आतापर्यंत बोललात त्याच भाषेत. ते मराठी शिकतायत असं जाणवलं असेल तर मराठीत एक साधं वाक्य बोला, त्यांना आवडतं. त्यांच्या मातृभाषेतलं वाक्य मोबाइलवरून उतरवून पाठवायचं असेल तर ती भाषा येणाऱ्या कुणाला आधी दाखवा.

दिवस हुकला. आता?

दोन-चार दिवसांत कळलं तर सांगा: "परवा तुमचा वाढदिवस झाला म्हणे, मला आजच कळलं. उशिरा का होईना, शुभेच्छा." माफी मागत बसू नका, ओळखच नवी आहे, कुणी वाट बघत नव्हतं. पंधरवडा उलटून गेला असेल तर सोडून द्या आणि तारीख फोनमध्ये नोंदवून ठेवा.

मेसेज वाचला, निळ्या खुणा आल्या, पण उत्तर नाही. किंवा नुसता अंगठा आला. काय समजायचं?

काहीच समजू नका. त्या दिवशी त्यांच्या फोनवर नातेवाइकांचे, बँकांचे आणि विमा कंपन्यांचेही मेसेज येत असतात, आणि तुमचा नंबर बहुधा नावाशिवाय दिसत असतो. "मेसेज मिळाला का?" म्हणून पुन्हा विचारू नका. पुढच्या वेळी जिन्यात भेटाल तेव्हा नेहमीसारखं बोला. कुंड्यांना पाणी कधी घालता, पाणी किती वाजता जातं, असलं काहीतरी. कितीतरी लोक त्याच वेळी म्हणतात, "अहो, त्या दिवशी तुमचा मेसेज बघितला होता, उत्तर द्यायचं राहूनच गेलं." आणि नाही म्हणाले तरी तुमचं बोलणं सुरू आहेच.